सवयीचे दोन पेग आणि पंच्याहत्तरीचे शरीर

“चाळीस वर्षे रोज दोन छोटे पेग घेतोय. शरीर सरावलंय, आता वयानं काय फरक पडणार?”

फरक पडतो, आणि त्याचे मुख्य कारण शरीरातले पाणी हे आहे. मद्यार्क चरबीत फारसा शिरत नाही, तो पाण्यात पसरतो. वयानुसार स्नायू घटतात, चरबी वाढते आणि वजन तेच राहिले तरी पाणी कमी होते. सत्तर किलोच्या पुरुषाच्या शरीरात तिशीत साधारण ४२ लिटर पाणी असते, तर पंच्याहत्तरीत सुमारे ३५ लिटर. ६० मिलि व्हिस्कीतला सुमारे २० ग्रॅम मद्यार्क या कमी पाण्यात मिसळला, की त्याची तीव्रता जवळजवळ एक पंचमांशाने वाढते. स्त्रियांच्या शरीरात पाणी मुळातच कमी असल्याने त्यांना हे अधिक जाणवते.

सराव झालेल्या माणसाला नशा कमी जाणवते, पण त्याने रक्तातला मद्यार्क कमी होत नाही. शिवाय वयस्कर मेंदूचा तोल सांभाळण्याचा राखीव जोरही घटलेला असतो.

खरी भीती झोपेच्या गोळीची आहे. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम मेंदूला मद्याप्रमाणेच मंदावते, आणि उतारवयात अशा गोळ्यांचा परिणाम अधिक व जास्त वेळ टिकतो. त्यामुळे आठला पेग आणि दहाला गोळी घेतलेला माणूस रात्री दोनला लघवीला उठतो तेव्हा पाय लटपटतात, आणि पडून खुब्याचे हाड मोडू शकते. सकाळची गुंगी, अडखळते बोलणे, नवा विसराळूपणा यांना घरचे “वय झालं” म्हणतात. कृपया आधी डॉक्टरांना पेग आणि गोळी दोन्ही सांगा. मात्र वर्षानुवर्षांची गोळी किंवा रोजचे भरपूर मद्य स्वतःहून एकदम तोडू नका, त्याने झटके येऊ शकतात.