स्वप्नात शरीर बदललं: साध्या कुतूहलाचं ‘लक्षण’ कसं झालं?

आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी शरीरात आहोत, किंवा आरशात बघतोय तर मुलाच्या जागी मुलगी दिसतेय, असं स्वप्न पडलं की हल्ली माणूस उठल्या उठल्या मोबाईल घेतो, सर्च करतो, आणि दहा मिनिटांत ‘म्हणजे मी ट्रान्स आहे की काय’ इथवर जाऊन पोचतो. स्वप्नापासून थेट निदानापर्यंतचा हा शॉर्टकट पूर्वीपासून नव्हता. त्याला इतिहास आहे आणि त्यातला मोठा भाग गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतलाच आहे.

आधी हेच स्वप्न अगदी वेगळ्या पद्धतीनं वाचलं जायचं. दुसऱ्या शतकातल्या एका ग्रीक स्वप्नग्रंथात पुरुषाला आपण बाई झाल्याचं स्वप्न पडलं तर काय, याचं उत्तर दिलंय, पण ते सगळ्यांना एक नाही. गरीब माणसाला हे स्वप्न चांगलं, कारण आता त्याची काळजी घेणारं कुणीतरी मिळेल. श्रीमंताला आणि राजकारणात असलेल्याला वाईट, कारण बाया घरात बसतात, म्हणजे याचं पद जाणार. पैलवानालाही वाईट. आजच्या नजरेनं बायकांबद्दलच्या या कल्पना काही धड नाहीत, पण एक गोष्ट बघण्यासारखी आहे. प्रश्न ‘पुढं काय होणार’ असा होता, ‘तू मुळात कोण आहेस’ असा कुणी विचारत नव्हतं. पुराणकथांमध्येही शरीर बदलतं तेव्हा शाप, वर किंवा वेषांतर असतं, त्या माणसाला तपासायला कुणी बसत नाही.

सूर बदलला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. 1893 साली एका जर्मन न्यायाधीशाला मोठ्या पदावर नेमल्याचं कळलं, आणि पदभार घ्यायच्या आधी एका सकाळी, धड झोप नाही धड जाग नाही अशा अवस्थेत, त्याच्या मनात आलं की बाई म्हणून शरीरसंबंध अनुभवणं छान असेल नाही! पूर्ण जागा असतो तर हा विचार झिडकारला असता, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. पुढं तो गंभीर मानसिक आजारानं बराच काळ दवाखान्यात होता आणि 1903 मध्ये त्यानं आपल्या आठवणी छापल्या. 1911 मध्ये व्हिएन्नातल्या एका डॉक्टरांनी, या माणसाला एकदाही न भेटता, फक्त ते पुस्तक वाचून त्याच्या आजाराचं मूळ दबलेल्या समलैंगिक इच्छेत आहे असं मांडलं, आणि त्यात त्या सकाळच्या विचाराला मोठं वजन दिलं. माझ्या मते घोळ इथं सुरू होतो. असा विचार मनात येऊन गेलेले पण अजिबात आजारी न पडलेले लोक किती, हे मोजायचा प्रश्नच नव्हता, कारण ते डॉक्टरकडं गेलेच नाहीत आणि त्यांनी पुस्तकंही लिहिली नाहीत.

मधली पन्नास-साठ वर्षं मी भरकन सोडतोय. 1960 च्या दशकात ‘जेंडर आयडेंटिटी’, म्हणजे आपण बाई की पुरुष याची स्वतःची जाणीव, हा शब्द रुळला, 1973 मध्ये ही जाणीव शरीराशी जुळत नसल्यानं होणाऱ्या घालमेलीसाठी ‘जेंडर डिसफोरिया’ हा शब्दप्रयोग आला, आणि 1980 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या मॅन्युअलमध्ये मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळी निदानं आली. या 1980 च्या आवृत्तीत एक गंमत आहे. मुलीला मुलगा व्हायचं असेल तर ती इच्छा केवळ समाजात मुलांना मिळणाऱ्या फायद्यांसाठी नसावी, अशी अट कंसात घातली होती. मुलग्यांच्या बाबतीत ती अट नव्हती. म्हणजे मुलगा असण्यात फायदा आहे हे मॅन्युअल लिहिणाऱ्यांनी गुपचूप मान्यच केलं होतं! पुढं ती अट दोघांनाही लावली.

खरा वादाचा निर्णय 1994 च्या आवृत्तीतला, आणि त्यावर जरा जास्त थांबतो. तिथं नाव होतं ‘जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर’. लहान मुलामुलींसाठी पाच खुणा दिल्या होत्या आणि त्यातल्या चार जुळल्या तर पहिली अट पूर्ण होत होती. एक, दुसऱ्या लिंगाचं व्हायचंय किंवा आपण तेच आहोत असं वारंवार बोलून दाखवणं. दुसरी कपड्यांची. तिसरी म्हणजे खोट्या-खोट्या खेळात दुसऱ्या लिंगाच्या भूमिका घेणं, किंवा आपण दुसऱ्या लिंगाचे आहोत अशा कल्पना सतत मनात असणं. चौथी खेळांची, पाचवी सवंगड्यांची. नीट बघितलं तर मनात रमवलेली कल्पना ही तिसऱ्या खुणेत अधिकृतपणे आत आली. आणि पाचातल्या चारच लागत असल्यामुळं पहिली, म्हणजे मुलानं स्वतः ‘मला मुलगी व्हायचंय’ म्हणणं, गरजेची राहिलीच नाही.

एक आठ वर्षांचा मुलगा कल्पून बघू. त्याला ओढणी गुंडाळून नाचायला आवडतं, खेळात तो नेहमी राणी होतो आणि झोपताना मनातही तीच गोष्ट पुढं चालवतो, त्याला भातुकली हवी असते आणि त्याच्या सगळ्या मैत्रिणीच आहेत. ‘मला मुलगी व्हायचंय’ असं तो एकदाही म्हणालेला नाही. 1994 च्या यादीत दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी अशा चार खुणा जुळल्या. पुढची अट होती स्वतःच्या शरीराबद्दल किंवा भूमिकेबद्दल अस्वस्थता, पण मुलग्याच्या बाबतीत दांडगाईचे खेळ टाळणं आणि मुलांची म्हणून समजली जाणारी खेळणी नाकारणं यावरही ती भागत होती, आणि हा मुलगा कुस्ती खेळत नाही, खेळण्यातल्या बंदुकीला हात लावत नाही. शेवटची अट त्रास किंवा अडचण असणं. शाळेत पोरं चिडवतात, तो रडत घरी येतो, झाली तीही पूर्ण. चिडवणारी पोरं दुसरी, निदान मात्र याला.

2013 च्या आवृत्तीत नाव बदलून ‘जेंडर डिसफोरिया’ केलं, मुलांसाठी आठ खुणा झाल्या, त्यातल्या सहा लागतात, किमान सहा महिने लागतात, आणि मुख्य म्हणजे पहिली सक्तीची केली: दुसऱ्या लिंगाचं असण्याची तीव्र इच्छा किंवा आपण तेच आहोत हा आग्रह. आपल्या मुलाकडं कपडे, कल्पनेतले खेळ, खेळणी, मैत्रिणी आणि ‘मुलांच्या’ खेळण्यांना नकार अशा पाच खुणा निघतात, सक्तीची नाही, म्हणजे निदान नाही. मुलगा तोच आहे आणि त्याच्या मनातली राणीही तीच आहे. मधल्या काळात फक्त पान बदललं.

याचा परिणाम अजून जाणवतो. जुन्या पाठपुराव्याच्या अभ्यासांत अशा मुलांपैकी बरीच मोठेपणी ट्रान्स राहत नाहीत असं दिसलं होतं, आणि आज वाद घालणारे दोन्हीकडचे लोक ते अभ्यास समोर ठेवतात. एक बाजू म्हणते बघा, हे निघून जातं. दुसरी म्हणते, त्या अभ्यासांत आपल्या राणीसारखी मुलंही मोजली होती, त्यांचं निघून जायला मुळात होतं काय! मला दुसरा मुद्दा जास्त पटतो, पण म्हणून जुने आकडे निव्वळ कचऱ्यात टाकता येतील असंही नाही.

शब्दांचा गुंता तर विचारूच नका. ‘डिसऑर्डर’ म्हणजे ओळखच बिघडलेली. ‘डिसफोरिया’ म्हणजे ओळखीत बिघाड नाही, तर त्यातून होणारी घालमेल, जी सहन होत नाही. 2019 मध्ये मंजूर झालेल्या आणि 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या जागतिक यादीनं तिसराच शब्द घेतला, ‘इनकॉन्ग्रुअन्स’, म्हणजे जुळत नसणं, आणि तो मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेला. तिथं हेही स्पष्ट लिहिलंय की नुसतं वेगळं वागणं किंवा वेगळी आवड यावरून निदान करायचं नाही. मराठीत आपली आणखी एक अडचण आहे, ‘लिंग’ हा एकच शब्द अवयवालाही, शरीराच्या प्रकारालाही आणि व्याकरणालाही, त्यामुळं ‘लिंगभाव’ हा वेगळा शब्द घडवावा लागला. पण बोलताना सगळे ‘लिंग बदलायचं स्वप्न’ असंच म्हणतात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं थेट ऑपरेशन उभं राहतं.

स्वप्नांच्या संशोधनात मात्र एवढा गोंधळ नव्हता. नेहमी पडणाऱ्या स्वप्नांची 55 प्रकारांची एक प्रश्नावली आहे, 2003 मध्ये कॅनडातल्या विद्यार्थ्यांवरचा तिचा अभ्यास छापून आला. पाठलाग होणं, उंचावरून पडणं, उडणं यांच्याच रांगेत ‘आपण विरुद्ध लिंगाचे असणं’ हीही एक ओळ आहे. 2008 मध्ये स्वीडनमधल्या प्रयोगात माणसाच्या डोळ्यांवर स्क्रीन लावून समोरच्याच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यातून दिसेल असं केलं, मग तो स्वतःशीच हात मिळवतोय असं त्याला दिसू लागलं, आणि त्या दुसऱ्याच्या हाताजवळ सुरी नेली की याला घाम फुटायचा. 2020 मध्ये याच पद्धतीनं लोकांना थोड्या वेळासाठी विरुद्ध लिंगाचं शरीर आपलं वाटायला लावलं, तर स्वतःला किती पुरुषी, किती बायकी मानतो याची त्यांची उत्तरं थोडी मध्याकडं सरकली. दिसणारा स्पर्श आणि जाणवणारा स्पर्श एका वेळी झाला तरच हे जमायचं, वेळ चुकली की भास फिका. म्हणजे ‘हे शरीर माझं’ ही जाणीव मेंदू क्षणाक्षणाला जुळवत असतो. जाग असताना स्पर्श आणि नजर तिला लगाम घालतात, झोपेत तो लगाम सैल असतो, मग तिथं शरीर बदललं तर त्यात नवल ते काय.

म्हणून आताचे चांगले समुपदेशक स्वप्नावर फार वेळ घालवत नाहीत. एकोणीस वर्षांचा कुणी आला आणि म्हणाला, महिन्यातून दोन-तीनदा मी स्वप्नात मुलगी असतो, तर विचारतात की स्वप्नात कसं वाटलं, जाग आल्यावर कसं वाटलं, आणि मग लगेच दिवसाकडं वळतात. अंघोळ करताना, फोटो काढताना, कुणी नावानं हाक मारताना काही खुपतं का, किती महिने, त्यामुळं काय काय टाळतोस. उत्तर ‘मजा आली, विचित्र वाटलं, नाश्ता करेपर्यंत विसरलो’ असं असेल तर तिथं करण्यासारखं काही नाही. दिवसाही खुपतंय आणि महिनोनमहिने खुपतंय असं असेल तर बोलणं पुढं न्यायचं, घाबरवून नाही आणि ‘वय आहे, जाईल’ म्हणून झटकूनही नाही. आणि उलटं, स्वप्न पडत नाही म्हणून ओळख खोटी असंही होत नाही, ट्रान्स माणसाला तशी स्वप्नं पडलीच पाहिजेत असा कुठल्याच मॅन्युअलमध्ये नियम नाही.

एक तिसरा प्रकारही असतो, तो घरच्यांच्या आणि कधी कधी डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतो. यात त्रास शरीराचा नसतो, शंकेचा असतो. मुलगा रोज तासन् तास ऑनलाईन टेस्ट देतो, आरशापुढं ‘आता काय वाटतंय’ तपासतो, जुनी स्वप्नं आठवून पुरावे गोळा करतो, उत्तर मिळालं की अर्ध्या तासात पुन्हा तीच शंका. हे ओसीडीकडं, म्हणजे तीच शंका आणि तीच तपासणी पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मानसिक आजाराकडं, झुकणारं चक्र असू शकतं, आणि त्यात ‘तू तसा नाहीस रे’ अशी खात्री देणं म्हणजे त्या चक्रात आणखी तेल घालणं. अशा वेळी समुपदेशक आधी स्वप्नांची वही बंद करायला सांगतात, कारण लिहायला लागलं की स्वप्नं जास्त आठवायला लागतात, आणि मग ‘बघा, वाढतायत’ हा आणखी एक पुरावा हातात येतो.