पहिल्या मेसेजमध्ये फक्त ‘थोडक्यात सांगा’ असं लिहिलंत तर

आमच्या कर सल्ला कार्यालयाच्या व्हॉट्सॲप नंबरवर कधीकधी असा पहिलाच मेसेज येतो: ‘नमस्कार. उत्तर थोडक्यात द्या. सोपे शब्द वापरा. व्हॉइस मेसेज नको.’ पुढे काहीच नाही. कागद नाहीत, प्रश्नही नाही. असा मेसेज पाठवायला आमची काहीच हरकत नाही. त्याचं आमच्याकडे पुढे काय होतं, ते या पत्रकात सांगतो.

पूर्वी आम्ही यात फजिती करून घेतली आहे. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये स्वागताचा मेसेज आपोआप जाण्याची सोय असते. ग्राहकाने पहिल्यांदा लिहिलं, किंवा १४ दिवस काहीच बोलणं झालं नाही आणि मग लिहिलं, की तो जातो. आमचा तो मेसेज चांगला बारा ओळींचा होता: रिटर्न, जीएसटी, पॅन दुरुस्ती, कार्यालयाची वेळ, शेवटी दोन हात जोडलेले. ‘थोडक्यात द्या’ म्हणणाऱ्या माणसाला पहिलं उत्तर हे! शिवाय पंधरवड्याने त्यांनी पुन्हा लिहिलं, की परत तेच. आता तो मेसेज दोन ओळींचा केला आहे आणि फक्त आमच्या फोनमध्ये सेव्ह नसलेल्या नंबरांना जातो. तुमचा नंबर आम्ही त्याच दिवशी सेव्ह करतो, म्हणजे दुसऱ्यांदा तो तुमच्या वाटेला येणार नाही.

त्यानंतर आमच्याकडून माणसाने लिहिलेलं उत्तर येईल: ‘चालेल. थोडक्यात, सोप्या मराठीत लिहू. काम निघालं की सांगा.’ तुमचं काम काय असेल याचा अंदाज बांधून कागदांची यादी आम्ही पाठवत नाही. तुमच्या नंबरला ‘थोडक्यात’ असं लेबल लावून ठेवतो. काम चार दिवसांनी सांगा नाहीतर चार महिन्यांनी, कार्यालयात फोन कोणाच्याही हातात असो, लेबल समोर दिसतं.

पण थोडक्यात म्हणजे किती? इथे आम्ही एकदा चुकलो. एका ताईंनी आधी असाच मेसेज केला होता. आठवड्याने प्रश्न आला: ‘बँकेने ठेवीवरचे पैसे कापले. परत मिळतील का?’ वर्षाचं व्याज ८०,००० रुपये, त्यावर १० टक्क्यांनी ८,००० रुपये टीडीएस कापलेला. दुसरं उत्पन्न नाही, म्हणजे कर लागायचा प्रश्नच नव्हता. आम्ही लिहिलं: ‘हो. रिटर्न भरा, ८,००० परत येतील.’ उत्तर छोटं होतं, बरोबरही होतं. ताईंनी भाच्याकडून रिटर्न भरून घेतलं आणि वाट पाहत बसल्या. पैसे येईनात. पोर्टलवर पाहिलं तर रिटर्न भरलेलं, पण त्याची पडताळणी बाकी. रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत आधारशी जोडलेल्या मोबाईलवरच्या ओटीपीने किंवा दुसऱ्या एखाद्या मार्गाने ती करावी लागते. तोवर रिटर्न तपासायलाच घेतलं जात नाही, मग परतावा कुठून येणार? ताईंनी पडताळणी केल्यावर काम पुढे सरकलं, पण दोन महिने फुकट गेले. दोष आमच्या उत्तराचा होता.

आज तेच उत्तर असं जाईल: ‘हो, ८,००० परत मिळतील. रिटर्न भरा. ३० दिवसांत ओटीपीने पडताळणी करा. बँक खातं पोर्टलवर तपासून घ्या, पैसे तिथेच येतात.’ चार ओळी झाल्या खऱ्या. यातली एकही गाळता येत नाही, म्हणून गाळत नाही. कारणं, कलमं आणि ‘तसं पाहिलं तर’ मात्र गाळतो. हवी असतील तर ‘का?’ एवढंच विचारा.

सोप्या शब्दांचंही तसंच. टीडीएसला आम्ही ‘आधीच कापलेला कर’ म्हणू. पण पोर्टलवर जे बटण दाबायचं, त्याचं नाव पडद्यावर दिसतं तसंच लिहू. तिथे आम्ही मराठी केलं, तर तुम्ही ते शोधत बसाल.

एक अडचण वारंवार येते. घरात फोन एक आणि लिहिणारे दोघं. सासऱ्यांनी ‘थोडक्यात’ सांगितलेलं असतं आणि सूनबाईंना जीएसटीचा सगळा हिशोब समजून घ्यायचा असतो. आम्हाला दिसतो फक्त नंबर. अशा वेळी मेसेजच्या सुरुवातीला नाव लिहा. आम्ही नावागणिक वेगळी नोंद ठेवतो.

आवड बदलली तर ‘आता सविस्तर सांगा’ एवढं लिहिलंत तरी पुरे. नंबर बदललात तर मात्र नव्या नंबरवरून पुन्हा कळवा, कारण लेबल जुन्या नंबरावरच राहतं.