दहा किलोमीटरवरून मॅरेथॉनचा अंदाज

डिसेंबरमधल्या एका पहाटे जळगावच्या मेहरुण तलावाकाठी भाचा मोबाइल पुढे धरून म्हणाला, "मामा, दहा किलोमीटर 54 मिनिटांत झालं. म्हणजे मॅरेथॉन पावणेचार तासांत?" त्याने 54 ला सरळ 4.2195 ने गुणलं होतं, आलं 3 तास 48 मिनिटं. पण अंतर वाढलं की वेग थोडा पडतोच, आणि तो किती पडतो यावरच सगळा हिशेब उभा आहे.

पीट रीगल या अमेरिकी अभियंत्याने 1977 मध्ये यासाठी एक सूत्र मांडलं:

T2 = T1 × (D2/D1)^1.06

T म्हणजे वेळ, D म्हणजे अंतर. घात 1 असता तर वेग कायम राहिला असता. वरचे 0.06 म्हणजे थकव्याची किंमत. त्यामुळे भाच्याचा गुणक 4.2195 ऐवजी 4.6 होतो आणि वेळ येते 4 तास 8 मिनिटं.

मला तरीही ती वेळ पटेना. 1.06 हा सरासरी आकडा आहे, आणि हौशी धावपटूंना मॅरेथॉनला अनेकदा त्याहून बराच जास्त वेळ लागतो. कारण इंधनाचं आहे. भाकरी-भातातला स्टार्च स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठतो, साधारण 2000 किलोकॅलरी. एका किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे सुमारे 1 किलोकॅलरी लागते, म्हणजे 65 किलोच्या माणसाला 42 किलोमीटरसाठी 2700 च्या वर. उरलेली ऊर्जा चरबीतून यावी लागते. वेग जास्त तेवढा चरबीचा वाटा कमी, त्यामुळे साठा लवकर आटतो. दहा किलोमीटरच्या शर्यतीत ही अडचण येतच नाही, म्हणून तिच्या वेळेत ती दिसतही नाही.

मग स्वतःचा घात काढायचा. त्यासाठी दोन शर्यती लागतात. भाच्याने तीन आठवड्यांनी अर्धमॅरेथॉन पूर्ण जोर लावून 2 तास 4 मिनिटांत, म्हणजे 124 मिनिटांत संपवली होती. सूत्र तिथे 1 तास 59 मिनिटं सांगत होतं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर असं केलं:

log(124/54) ÷ log(21.1/10) = 1.11

हाच घात अर्धमॅरेथॉनपासून पुढे लावला, तर मॅरेथॉन येते सुमारे 4 तास 28 मिनिटं. 1.06 च्या अंदाजापेक्षा तब्बल वीस मिनिटं जास्त!

मात्र दोन्ही शर्यतींचं हवामान सारखं हवं. एक डिसेंबरच्या थंडीत आणि दुसरी मार्चच्या उन्हात धावलात, तर आपल्या खानदेशातलं ऊनच घातात मिसळतं. दोन्ही मार्ग नीट मोजलेले आणि सपाट हवेत, आणि जोरही दोन्हीकडे पूर्ण लागलेला हवा. शिवाय लांब पल्ल्याचा सराव नसेल, तर 1.11 सुद्धा कमीच पडेल.

भाच्याने किलोमीटरला 6 मिनिटं 21 सेकंद हा वेग ठरवला. "म्हणजे मामा, पहिला अर्धा भाग 2 तास 14 मिनिटांत? माझ्या अर्धमॅरेथॉनपेक्षा दहा मिनिटं हळू?"

"हो. तीसाव्या किलोमीटरला तुझ्याकडे साठा उरायला हवा ना, म्हणून."