पर्ज की डिगॅस? एचपीएलसीचं प्रेशर खालीवर होतं तेव्हा

एचपीएलसीच्या पंपाचं प्रेशर खालीवर व्हायला लागलं की प्रयोगशाळेत दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, ‘पर्ज मार.’ दुसरा म्हणतो, ‘मोबाइल फेज नीट डिगॅस केला नसशील.’ दोन्ही सल्ले हवेबद्दलच आहेत, म्हणून ते एकाच कामाची दोन नावं वाटतात. पण पर्ज करतो ती पंपात येऊन बसलेली हवा बाहेर काढायला, आणि डिगॅस करतो ती द्रवात विरघळलेली, अजून कुठेच न दिसणारी हवा काढायला. पंप हेडमध्ये बुडबुडा अडकलेला असताना बाटली सॉनिकेटरमध्ये ठेवून प्रेशर लगेच सुधारत नाही. आणि मोबाइल फेजमध्ये हवा भरपूर असेल, तर पर्जचा गुण तासाभरात संपतो.

एक उदाहरण घेऊ. चार चॅनेलचा, कमी दाबावर मिश्रण करणारा पंप आहे. चॅनेल ए मध्ये फॉस्फेट बफर, बी मध्ये मिथेनॉल, प्रमाण ६०:४०, फ्लो मिनिटाला १ मिलि. प्रेशर १५० बारच्या आसपास स्थिर असायला हवं, पण ठरावीक वेळाने ते ११५ पर्यंत घसरतं आणि परत वर येतं. या घसरणीची लय घड्याळ लावून मोजायची, कारण निदान तिथूनच सुरू होतं. समजा पंपाला दोन हेड आहेत आणि प्रत्येक पिस्टन एका फटक्यात ५० मायक्रोलिटर ढकलतो. मग मिनिटाला २० फटके लागतात आणि प्रत्येक हेडची पाळी ६ सेकंदांनी येते. घसरण बरोबर दर ६ सेकंदांनी दिसली, तर दोष एकाच हेडमध्ये आहे. फ्लो दुप्पट केल्यावर ती ३ सेकंदांवर आली, तर शंका उरत नाही. (काही पंप फ्लोप्रमाणे फटक्याची लांबी बदलतात, तिथे हा हिशेब पंपाच्या मॅन्युअलवरून करावा लागतो.)

बुडबुडा हेडमध्ये एवढा त्रास का देतो? द्रव जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. साध्या दाबाला १० मायक्रोलिटरचा बुडबुडा १५० बारखाली ०.०७ मायक्रोलिटरच्या आसपास उरतो. म्हणजे ५० मायक्रोलिटरच्या फटक्यातले सुमारे १० मायक्रोलिटर नुसते बुडबुडा दाबण्यात जातात, पुढे द्रव जातच नाही. पिस्टन मागे आला की बुडबुडा पुन्हा फुगतो आणि आत येणाऱ्या द्रवाची जागा अडवतो. तो बाहेर पडत नाही, तिथेच आकसतो आणि फुगतो. नुकसान फक्त प्रेशरच्या रेषेत दिसतं असंही नाही. दोनांपैकी एक हेड २० टक्के कमी देतो, म्हणजे एकूण फ्लो ०.९ मिलि होतो, आणि ६.० मिनिटांना येणारा पीक ६.७ च्या आसपास येतो. रिटेन्शन टाइम सरकल्यावर कॉलमवर संशय घेण्याआधी प्रेशरचा आलेख उघडून बघावा.

अशा वेळी पर्जच हवा. फ्लो थांबवून पर्ज व्हॉल्व्ह उघडायचा, म्हणजे द्रव कॉलमकडे न जाता थेट वेस्टमध्ये जातो आणि प्रेशर शून्याजवळ येतं. मग एकेक चॅनेल १०० टक्क्यांवर ठेवून मिनिटाला ४ मिलि फ्लोने ५ मिनिटं चालवायचं. हे २० मिलि जास्त वाटतात, पण जुन्या पद्धतीच्या डिगॅसरच्या नळीतच सुमारे १० मिलि द्रव मावतो, त्यामुळे मिनिटभराच्या पर्जमध्ये नवा द्रव हेडपर्यंत पोचलेलाही नसतो. हट्टी बुडबुड्यासाठी मिथेनॉल किंवा आयसोप्रोपेनॉल चांगलं, कारण त्यांचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी असतो आणि ते पृष्ठभागाला चिकटलेली हवा सोडवतात. फक्त बफरनंतर थेट हे सॉल्व्हंट सोडायचं नाही. मधे साधं पाणी न्यायचं, नाहीतर हेडमध्येच मीठ बसतं आणि हवेच्या जागी नवं दुखणं सुरू होतं. नळी पूर्ण कोरडी झाली असेल तर पंपाला एकट्याने ओढवत नाही, तेव्हा पर्जच्या बाजूने सिरिंजने द्रव ओढून घ्यावा.

आता पर्जनंतर प्रेशर सरळ झालं आणि तासाभराने पुन्हा तीच लय आली, तर इथे डिगॅसचा प्रश्न सुरू होतो. आपल्या उदाहरणात दोन्ही बाटल्या निरखून पाहिल्या तरी बुडबुडा दिसत नाही. बुडबुडा जन्मतो तो मिश्रण होताना. पाण्यात आणि मिथेनॉलमध्ये वेगवेगळी जितकी हवा विरघळून राहते, तितकी त्यांच्या मिश्रणात मावत नाही, म्हणून जास्तीची हवा बाहेर पडते. या पंपात मिश्रण हेडच्या आधी होतं, तेही ओढीच्या कमी दाबावर, त्यामुळे हवा सरळ हेडमध्ये जाते. जास्त दाबावर मिश्रण करणाऱ्या पंपात मिश्रण हेडच्या पुढे होतं. तिथे पंप शांत राहतो, आणि दाब उतरल्यावर बुडबुडे डिटेक्टरच्या सेलमध्ये उगवून बेसलाइनवर काटे काढतात.

खात्री करायची एक सोपी चाचणी आहे. ६०:४० मिश्रण बाटलीतच करायचं, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, डिगॅस करायचं आणि एकाच चॅनेलमधून चालवायचं. प्रेशर दीर्घकाळ स्थिर राहिलं, तर दोष मिश्रणात सुटणाऱ्या हवेचा, म्हणजे बहुतेक डिगॅसर नीट काम करत नसल्याचा. तीच लय कायम राहिली, तर डिगॅसरचा पिच्छा सोडून द्यायचा.

डिगॅसच्या पद्धतींत बराच फरक आहे, आणि नुसत्या सॉनिकेशनवरचा अनेकांचा विश्वास मला जास्त वाटतो. त्याने विरघळलेल्या हवेचा लहानसा भागच निघतो. त्यापेक्षा व्हॅक्यूम बरं, आणि हेलियम सोडणं सगळ्यांत परिणामकारक. अर्थात उघड्या बाटलीत हवा पुन्हा विरघळत जाते, म्हणून सकाळी सॉनिकेट केलेल्या बाटलीवर संध्याकाळचं काम निभत नाही. पंपावरचा ऑनलाइन डिगॅसर म्हणूनच सोयीचा. हेलियम किंवा व्हॅक्यूम फार वेळ लावलं तर मिथेनॉल किंवा ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्लासारखे उडणारे घटकही निघून जातात आणि रिटेन्शन बदलतं.

दोन्ही उपायांना न जुमानणारी कारणंही आहेत. बाटलीतला इनलेट फिल्टर चोंदला, तर ओढीच्या बाजूला दाब आणखी घसरतो आणि नीट डिगॅस केलेल्या द्रवातूनही उरलीसुरली हवा सुटते. पंपाकडची नळी सोडवून बाटलीच्या पातळीखाली धरली, तर द्रव स्वतःहून वाहायला हवा. अडखळत थेंबथेंब आला तर फिल्टर बदलायचा. ओढीच्या बाजूचा सैल फिटिंग तर गळतानाही दिसत नाही, कारण तिथून द्रव बाहेर येत नाही, हवा आत जाते. आणि पर्जनंतर तासभर सोडाच, काही मिनिटांतच तीच लय परतली, तर त्या हेडचा इनलेट चेक व्हॉल्व्ह काढून सॉनिकेट करायचा किंवा बदलायचा. अ‍ॅसिटोनायट्राइल वापरताना त्यातला गोळा बैठकीला चिकटतो, आणि तेव्हा प्रेशरचा आलेख हुबेहूब बुडबुड्यासारखाच दिसतो.