कॅप्शन (व्यसनमुक्तीच्या टप्प्याचे)

दारू किंवा धूम्रपान सोडल्याचा ठरावीक कालावधी पूर्ण झाल्यावर फोटोखाली किंवा संदेशात लिहिली जाणारी छोटी ओळ. तीत कालावधी आणि रोजचा प्रयत्न येतो. पूर्वीच्या दुरवस्थेचे वर्णन सहसा टाळले जाते.

अशा ओळीचे नाते टप्प्याच्या बिल्ल्याशी, म्हणजे ठरावीक काळ न पिता काढल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्याशी, जोडता येते. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची सहयोगी चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे सुरू झाली. तेथील सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया ही ख्रिस्ती जोगीण घरी जाणाऱ्या रुग्णाला एक धार्मिक पदक देत आणि पुन्हा प्यायची वेळ आलीच तर आधी ते परत आणून देण्यास सांगत. महिन्यांनुसार बिल्ले देण्याची प्रथा मात्र काहींच्या मते १९४२ च्या सुमारास इंडियानापोलिसमध्ये, तर काहींच्या मते १९४७ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे सुरू झाली. पहिला दावा कालदृष्ट्या आधीचा आहे. इग्नेशियांचे पदक हा रुग्णालय सोडताना दिलेला शब्द होता आणि बिल्ला ही झालेल्या दिवसांची नोंद. कॅप्शनचे नाते बिल्ल्याशी अधिक जवळचे दिसते.

मराठीत क्रियापदाची निवड निर्णायक ठरते. ‘माझी दारू सुटली’ या वाक्यात सोडणारा कर्ता दिसत नाही, सुटणे आपोआप घडल्यासारखे वाटते. ‘मी दारू सोडली’ यात कर्ता आहे, पण क्रिया एकदाच होऊन संपते. ‘दारू सोडून ३६५ दिवस झाले’ ही रचना सोडणे आणि त्यानंतरचा काळ दोन्ही धरते, म्हणून ती सर्वांत योग्य मानावी. ‘सुधारलो’, ‘माणसात आलो’ हे शब्द आधीच्या माणसावर निकाल देतात. ‘नरकातून बाहेर आलो’ हे वाचणाऱ्याकडून हळहळ मागते. ‘दारू सोडून आज ३६५ दिवस. सकाळी चालणे, संध्याकाळी बैठक, उद्याही तेच.’ या नमुन्यात सातत्य सवयींमधून दिसते, विशेषणाची गरज पडत नाही.

मोजणीत चूक सहज होते. शेवटचा पेला ३१ डिसेंबर २०२३ च्या रात्री घेतला असेल, तर पहिला कोरडा दिवस १ जानेवारी २०२४. ते लीप वर्ष असल्याने ३६५ वा दिवस ३० डिसेंबरला येतो, वर्ष मात्र ३१ डिसेंबरला संपते. म्हणून ओळीत ‘दिवस’ लिहायचे की ‘वर्ष’, हे आधी ठरवावे. मध्ये घसरण झाली असल्यास चळवळीत बहुधा नवी तारीख धरतात. आधीचे दिवस वाया गेले असे मात्र त्यातून निघत नाही.

दुसऱ्याच्या टप्प्याची ओळ त्याच्या संमतीनेच प्रसिद्ध करावी. चळवळ आपल्या तत्त्वांना ‘परंपरा’ म्हणते; त्यांतील अकराव्या परंपरेनुसार वृत्तपत्र, रेडिओ आणि चित्रपट यांत सदस्याने अनामिक राहायचे असते. त्यामुळे पूर्ण नावासह लिहिताना दिवस सांगावेत, सदस्यत्व सांगू नये. धूम्रपानाला ही बिल्ल्यांची परंपरा तितकीशी लागू नाही. तेथे ‘सिगारेट सोडून ९० दिवस’ एवढी ओळ पुरते.