फोटोवरून टायपिंग: डोक्यावरचा आकडा डोक्यावरच राहावा म्हणून

आमच्याकडे रत्नागिरीत टायपिंगला येणारी बरीच कामं म्हणजे मत्स्यशास्त्राचे प्रबंध, विहिरीच्या पाण्याचे तपासणी अहवाल आणि जुन्या वह्यांचे मोबाईलवर काढलेले फोटो. यात मजकुरातली चूक वाचताना लगेच कळते. घातांक सपाट झाला तर मात्र वाचताना काहीच खटकत नाही, म्हणून हे पत्रक.

एक उदाहरण घ्या. माशाच्या लांबीवरून वजन काढायचं सूत्र प्रबंधात असतं. समजा, पानावर W = 0.011 L असं आहे आणि L च्या डोक्यावर बारीक 2.98 आहे. W ग्रॅममध्ये, L सेंटीमीटरमध्ये. वीस सेंटीमीटरच्या बांगड्याला हे सूत्र सुमारे ८३ ग्रॅम वजन देतं. तेच घाईत W = 0.011 L2.98 असं टाइप झालं आणि कोणी तो गुणाकार समजला, तर उत्तर पाऊण ग्रॅमही भरत नाही. बाजारात बांगडा घेतलेल्या माणसाला हे चालणार नाही हे कळेल, पण पेशींची संख्या किंवा क्षारांचं प्रमाण असलं तर कोणाला कळणार? 2.4 × 10⁴ म्हणजे २४,०००. तेच 2.4 × 104 झालं की जेमतेम २५०.

हा आकडा आम्ही दोन पद्धतींनी टाइप करतो. 10⁴ किंवा m² यांतले ⁴ आणि ² ही युनिकोडमधली स्वतंत्र अक्षरं आहेत. ती ईमेलमध्ये, व्हॉट्सॅपवर, कुठेही चिकटवली तरी वरच राहतात. पण 2.98 साठी हा मार्ग नाही, कारण युनिकोडमध्ये वरचा दशांश-बिंदू नाही. तिथे वर्डमध्ये आकडा निवडून Ctrl+Shift+= दाबतो (खालच्या आकड्यासाठी Ctrl+=). ही नुसती सजावट असते, त्यामुळे मजकूर नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सॅपच्या संदेशात चिकटवला की ती गळून पडते. म्हणून अशी फाइल पुढे पाठवताना वर्ड किंवा पीडीएफ फाइलच पाठवा, त्यातला मजकूर कॉपी करून नको.

काम संपल्यावर आम्ही फाइलची एक प्रत काढतो आणि त्या प्रतीत Ctrl+H उघडतो. शोधायच्या चौकटीत अक्षर काहीच लिहीत नाही, फक्त सुपरस्क्रिप्ट हे फॉरमॅट देतो. बदलायच्या चौकटीत हे लिहितो:

```
^^^&
```

मग सजावटीने वर गेलेल्या प्रत्येक आकड्याआधी ^ उमटतो आणि फोटो शेजारी ठेवून एकेक जुळवता येतो. फोटोत वर असलेल्या आकड्याला प्रतीत ^ नसेल आणि तो युनिकोडचा छोटा आकडाही नसेल, तर तो सपाट झालेला आहे. तुम्हालाही घरी हे करता येईल.

फोटोत सर्वांत आधी नाहीशी होते ती घातांकातली वजाची रेघ. 10⁻⁶ चा 10⁶ होतो, म्हणजे दहालाखाव्या भागाचे दहा लाख. दुसरी फसवी रेघ NO₃-N मधली. ती नुसती जोडरेघ आहे, NO₃⁻ वरचा ऋण प्रभार नव्हे. NO₃-N मध्ये फक्त नायट्रोजन मोजलेला असतो, त्यामुळे एकाच पाण्याचा आकडा पूर्ण नायट्रेट म्हणून लिहिला तर सुमारे ४.४ पट मोठा येतो. आम्ही ही दोन्ही चिन्हं पानावर जशी आहेत तशीच ठेवतो, एकसारखी करून देत नाही.

एककांत µ ची विशेष काळजी घेतो. जुन्या फाइलींत हे चिन्ह सिम्बॉल फॉन्टमध्ये m दाबून काढलेलं असतं. फॉन्ट बदलला की ते पुन्हा m होतं आणि µg/L चं mg/L, म्हणजे हजारपट. मराठीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्येही ² किंवा µ च्या जागी भलतंच अक्षर उमटू शकतं, म्हणून आम्ही सूत्रं आणि एककं वेगळ्या फॉन्टमध्ये ठेवतो.

तुमच्याकडून एवढंच हवं: पान सपाट ठेवून, मोबाईल बरोबर वर धरून, उजेडात फोटो काढा आणि व्हॉट्सॅपवर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यात वरचे आकडे पहिले पुसट होतात. सूत्रांच्या ओळींचा जवळून एक जादा फोटो दिलात तर फार सोपं जातं.

जो आकडा वाचता येत नाही, तो आम्ही अंदाजाने भरत नाही. त्या जागी पिवळी खूण करून पान आणि ओळ कळवतो. मूळ वही बघून तुम्ही उत्तर दिल्यावरच ती खूण निघते.