एनपीव्ही एक म्हणतो, आयआरआर दुसरंच: या भांडणाची पार्श्वभूमी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एखाद्या व्हेंडरचं उदाहरण घेऊ. हातात तीन वर्षांची ऑर्डर आहे आणि शेडमध्ये जागा एकाच मशीनपुरती. जुनी सीएनसी लेथ १० लाखांना मिळते, तिच्यातून खर्च वजा जाता दरवर्षी ५ लाख सुटतील. नवी व्हीएमसी, म्हणजे उभी मिलिंग मशीन, ३० लाखांची, तिच्यातून १४ लाख. सोयीसाठी तीन वर्षांनी दोन्ही मशीनांची किंमत शून्य धरू.

गुंतवलेल्या पैशावर दरवर्षी पडणारा टक्केवारीतला परतावा म्हणजे अंतर्गत परतावा दर, अर्थात आयआरआर. तो लेथचा सुमारे २३.४ टक्के येतो आणि व्हीएमसीचा १८.९. भांडवल १२ टक्क्यांनी पडत असेल, तर पुढची कमाई त्या दराने आजच्या किमतीत आणून मशीनची किंमत वजा केल्यावर उरणारं निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, लेथचं २.०१ लाख आणि व्हीएमसीचं ३.६३ लाख. एका हिशोबाने लेथ, दुसऱ्याने व्हीएमसी.

याचं उत्तर १९३० मध्येच छापून आलं होतं. अर्विंग फिशर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने प्रत्येक पर्यायाचा सुटा दर काढलाच नाही. त्याने दोन पर्यायांची वजाबाकी केली. आपल्या उदाहरणात व्हीएमसीसाठी २० लाख जास्त घालायचे आणि दरवर्षी ९ लाख जास्त मिळवायचे. या जादा वीस लाखांवर परतावा सुमारे १६.६ टक्के बसतो. पैसा १२ टक्क्यांनी मिळतो ना, मग व्हीएमसी घ्यावी. खाजगी फायनान्सचा १८ टक्के दर लावला तर पारडं फिरतं: लेथ ०.८७ लाख, व्हीएमसी ०.४४.

गोंधळ पुढे झाला. १९३६ मध्ये ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सने भांडवलाच्या सीमांत कार्यक्षमतेची, म्हणजे एका गुंतवणुकीतून अपेक्षित परताव्याच्या दराची, कल्पना मांडली आणि फिशरचा दर तोच आहे, असं लिहून टाकलं. पण केन्सचा दर एकाच गुंतवणुकीला चिकटलेला, फिशरचा दोन गुंतवणुकींच्या मधला. ही चूक १९५५ मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ आर्मेन अल्चियनने दाखवून दिली. तरीही प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आयआरआर सुटाच छापला जातो. माझ्या मते त्याचं कारण साधं आहे: टक्केवारी कर्जाच्या दराशेजारी ठेवता येते, लाखांचा आकडा तसा ठेवता येत नाही. टक्क्यांना रकमेचा आकार मात्र कळत नाही. दहा लाखांवरचे २३ टक्के आणि तीस लाखांवरचे १९ यांत खिशात जास्त काय पडतं, ते त्यातून दिसत नाही.

वजाबाकीलाही मर्यादा आहे. १९५५ मध्येच लोरी आणि सॅव्हेज या अमेरिकी अभ्यासकांनी तेलविहिरीवरच्या मोठ्या पंपाचं उदाहरण दिलं: तेल लवकर उपसलं जातं, त्यामुळे जादा कमाई आधी येते आणि नंतर तेवढीच बुडते. वर्षावार रकमांच्या अशा ओळीत उणे, अधिक, उणे अशी चिन्हं येतात आणि एकाच गणिताला दोन आयआरआर निघू शकतात. व्हीएमसीला तिसऱ्या वर्षी मोठ्या ओव्हरहॉलचा खर्च असेल, तर फरकाच्या ओळीत हेच होऊ शकतं. तिथे दर शोधत न बसता १२ टक्क्यांनी दोन्ही एनपीव्ही काढावेत.